ट्रफलचा चहा, ब्रह्मानुभव आणि मोजपट्टी : साताऱ्यातील एका वादाचा प्रकरण अभ्यास

साताऱ्यात तत्त्वज्ञानाचे ग्रंथ एकत्र वाचणारा आमचा एक छोटा अभ्यासगट आहे. गटातील एका सभासदाच्या घरात पेटलेला वाद त्याने स्वतःच आमच्यापुढे ठेवला आणि त्यावर आमच्या काही बैठका झाल्या. त्या चर्चेचा हा वृत्तान्त आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून त्यांचे तपशील बदलले आहेत. वादाचे मुद्दे मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

हे सभासद निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक असून अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत त्यांनी उमेदीची वर्षे घालवली आहेत. पुढे त्यांचा उल्लेख काका असाच करतो. त्यांचा पुतण्या नेदरलँड्समध्ये संगणक अभियंता आहे. त्या देशाने सिलोसायबिन हे जाणीव बदलणारे द्रव्य असलेल्या ताज्या अळिंब्यांवर २००८ मध्ये बंदी घातली, पण त्याच बुरशीच्या जमिनीत वाढणाऱ्या गाठी, ज्यांना तिथे ट्रफल म्हणतात, त्या बंदीतून सुटल्या. त्यामुळे मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली ट्रफलचा चहा देणारी शिबिरे तिथे उघडपणे चालतात. भारतात सिलोसायबिन १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येते आणि ते बाळगणे हा गुन्हा आहे, हे पुतण्याला ठाऊक होते. त्याने जे केले ते तिथेच केले. सुट्टीत घरी आल्यावर मात्र त्याने जेवताना सांगून टाकले, “काका, तुम्ही आयुष्यभर ज्याला थोतांड म्हणत आलात ते मी स्वतः अनुभवलंय. सगळं एक आहे. उपनिषदांत आहे तेच. आणि आता अमेरिकेतल्या विद्यापीठांनीही ते सिद्ध केलंय.” काकांनी ताट सरकवले आणि उत्तर दिले, “अरे, उलट आहे. एवढ्याशा रसायनानं ब्रह्म दिसतं म्हणजे संतांना जे दिसलं तेही मेंदूतलं रसायनच होतं, हे सिद्ध झालं.”

दोघेही एकाच संशोधनाकडे बोट दाखवत होते आणि नेमके उलटे निष्कर्ष काढत होते. म्हणून हे प्रकरण आम्हाला अभ्यासण्याजोगे वाटले.

संशोधनात प्रत्यक्षात काय झाले

पुतण्याचा मुख्य आधार म्हणजे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी केलेला, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. त्यात ३६ जणांनी भाग घेतला. त्यांपैकी कोणीही असे द्रव्य पूर्वी घेतलेले नव्हते. शरीराच्या ७० किलो वजनामागे ३० मिलिग्रॅम या प्रमाणात त्यांना सिलोसायबिन देण्यात आले आणि तुलनेसाठी वेगळ्या दिवशी मिथाइलफेनिडेट, म्हणजे लक्ष न लागणाऱ्या मुलांना दिले जाणारे उत्तेजक औषध, देण्यात आले. कोणत्या दिवशी कोणते औषध आहे हे आधी सांगितले जात नसे. सत्र दिवसभर चाले. डोळ्यांवर पट्टी, कानांत निवडक संगीत, दिवाणखान्यासारखी सजवलेली खोली आणि आधीच्या अनेक तासांच्या गप्पांतून ओळखीचे झालेले मार्गदर्शक अशी सगळी व्यवस्था होती. नंतर भरून घेतलेल्या प्रश्नावलीनुसार सिलोसायबिनच्या सत्रात ३६ पैकी २२ जणांना ‘पूर्ण गूढानुभव’ आला, आणि मिथाइलफेनिडेटच्या सत्रात चौघांना. दोन महिन्यांनंतरही सुमारे दोनतृतीयांश लोकांनी हा अनुभव आयुष्यातील सर्वांत अर्थपूर्ण किंवा पहिल्या पाच अर्थपूर्ण अनुभवांपैकी एक असल्याचे सांगितले. त्याच सत्रांत ११ जणांना तीव्र भीतीही वाटली, हा आकडा पुतण्याने सांगितला नव्हता.

या प्रयोगाचा पूर्वज १९६२ सालचा आहे. त्या वर्षी गुड फ्रायडेला बोस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपलमध्ये वॉल्टर पान्के या डॉक्टर आणि धर्मशास्त्राच्या अभ्यासकाने धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. दहांना ३० मिलिग्रॅम सिलोसायबिन दिले आणि दहांना निकोटिनिक ॲसिड, ज्याने चेहरा तापतो आणि लाल होतो, पण मनावर फारसा परिणाम होत नाही. वरच्या मजल्यावरची प्रार्थना आणि प्रवचन तळघरातल्या या विद्यार्थ्यांना ध्वनिक्षेपकावरून ऐकवले जात होते. कोणाला काय मिळाले हे गुप्त राहावे अशी योजना होती, पण थोड्याच वेळात ते सर्वांना कळून चुकले, कारण एका गटातील मुले शांतपणे बसून होती आणि दुसऱ्या गटातील मुले भलत्याच जगात होती. पुढे रिक डॉब्लिन या संशोधकांनी त्या मंडळींना शोधून काढून १९९१ मध्ये पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यात सिलोसायबिन घेतलेल्या, भेटू शकलेल्या व्यक्तींनी अनुभव खरा आणि मोलाचा होता असेच सांगितले. पण एका विद्यार्थ्याला आवरण्यासाठी शामक इंजेक्शन द्यावे लागले होते आणि पान्के यांनी ते अहवालात नोंदवले नव्हते, हेही त्याच पाठपुराव्यात उघड झाले.

‘पूर्ण गूढानुभव’ कसा मोजला

आमच्या चर्चेचा सर्वाधिक वेळ इथे गेला. ‘पूर्ण’ हा शब्द ऐकला की एखाद्या अवस्थेचा शोध लागल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ती प्रश्नावलीवरची एक मर्यादारेषा आहे. २००६ च्या प्रयोगात सहा घटक तपासले होते : एकत्वाची जाणीव, काळ आणि स्थळ यांच्या पलीकडे गेल्याची जाणीव, परम सत्य कळल्याची खात्री, पावित्र्य, सुखद भावना आणि अनुभव शब्दांत न मावणे. या सहाही घटकांत किमान ६० टक्के गुण मिळाले तरच अनुभव पूर्ण मानला जाई. हे घटक प्रयोगातून सापडलेले नाहीत. ते पान्के यांनी वॉल्टर स्टेस या तत्त्वज्ञाकडून घेतले, आणि स्टेस यांनी ते निरनिराळ्या परंपरांतील गूढवाद्यांच्या लेखनातून वेचले होते. सर्व धर्मांतील गूढानुभवाचा गाभा एकच आहे आणि त्यात एकत्व मध्यवर्ती आहे, हे स्टेस यांचे मत आधीच त्या यादीत बसलेले होते. म्हणून या प्रश्नावलीवर चांगले गुण मिळवणारा अनुभव एकत्वाचा निघाला यावरून ‘सर्व धर्मांचा गाभा एकत्वच आहे’ असा निष्कर्ष काढता येत नाही; तो निष्कर्ष मोजपट्टीतच आधी घातलेला आहे.

हा मुद्दा आम्हाला सर्वांत स्पष्ट करून दिला तो काकूंनी. त्यांचे माहेर लोणंदचे, माउलींची पालखी दारावरून जाणाऱ्या घरातले, आणि तरडगावच्या वाटेवरचे चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. सहा घटकांची यादी ऐकून त्या म्हणाल्या, “मग आमचे तुकोबा नापासच की.” आणि त्यांनी अभंग म्हटला : ‘नको ब्रह्मज्ञान आत्मस्थितिभाव । मी भक्त तूं देव ऐसें करीं ॥’ तुकोबांना इथे देवापासून वेगळेपण हवे आहे, कारण वेगळेपणाशिवाय भक्तीचे सुख नाही. अशी अवस्था कितीही उत्कट असली तरी एकत्वाच्या घटकात तिला गुण कमीच मिळतील. हाच न्याय विश्वरूपदर्शनाला लावला तर अर्जुनही सुखद भावनेच्या रकान्यात अडखळेल, कारण तो हर्षित झाल्याचे सांगतो तितकेच भयाने मन व्यथित झाल्याचेही सांगतो. आमच्या दृष्टीने ही या संशोधनातली मोठी मर्यादा आहे, आणि ती औषधाच्या मात्रेत किंवा माणसांच्या संख्येत सुधारणा करून दूर होणारी नाही. मोजपट्टी एका विशिष्ट प्रकारच्या अद्वैती अनुभवाला ‘पूर्ण’ म्हणते आणि भक्तीच्या, विरहाच्या, भयाच्या अनुभवांना अपुरे ठरवते. मग अद्वैत्याला ती आपल्या बाजूची साक्ष वाटली तर आश्चर्य नाही.

पुतण्याची वही

सुदैवाने पुतण्याने चहा घेतला त्याच संध्याकाळी वहीत नोंदी केल्या होत्या आणि त्या आम्हाला वाचायला दिल्या. शिबिराच्या आदल्या संध्याकाळी मार्गदर्शकांनी ‘आपण सारे एक आहोत’ या विषयावर ध्यान घेतले होते आणि चहानंतर लावलेल्या संगीतात संस्कृत मंत्र होते, हे त्यातून कळले. अनुभवाचे वर्णन असे होते : भिंत आणि मी यांच्यात फरक उरला नाही, वेळ थांबली, मध्ये बराच वेळ आपण मरतो आहोत असे वाटले, मग रडू आले आणि फार हलके वाटले. वहीत ब्रह्म नाही, आत्मा नाही, उपनिषद नाही. हे सारे सहा महिन्यांनंतर साताऱ्यात जेवताना केलेल्या कथनात आले, आणि त्या कथनातून मरणाची भीती गळून गेली होती.

यावरून तो खोटे बोलत होता असे मुळीच नाही. मूळ अनुभव, त्याचे वर्णन आणि त्यावरून केलेला दावा हे तीन वेगळे थर असतात, आणि वरचा थर बहुतेकदा नंतर, हाताशी असलेल्या परंपरेच्या शब्दांत चढतो, एवढेच त्यातून दिसते. ग्रिफिथ्स यांच्याच गटाने २०१९ मध्ये चार हजारांहून अधिक लोकांची ऑनलाइन पाहणी प्रसिद्ध केली. त्यात देवाची किंवा तत्सम कशाची भेट झाल्याचे सांगणाऱ्या दोन गटांची तुलना होती : द्रव्य घेऊन तसा अनुभव आलेले आणि द्रव्याशिवाय आलेले. वर्णने पुष्कळ सारखी होती, पण द्रव्य न घेतलेल्यांनी भेटलेल्याला बहुधा ‘देव’ किंवा देवाचा दूत म्हटले, तर द्रव्य घेतलेल्यांनी बहुधा ‘परम वास्तव’ म्हटले. आपणहून पाहणीत आलेल्या लोकांवरून टक्केवारी काढणे धोक्याचे आहे, तरीही नाव देण्याचे काम अनुभव एकटा करत नाही हे इथेही दिसते.

अपेक्षेचा वाटा किती असू शकतो याचा अंदाज त्या चौघांवरून येतो, ज्यांना मिथाइलफेनिडेटवरही पूर्ण गूढानुभव आला. त्या औषधाने परमेश्वर भेटतो असे कोणी म्हणत नाही. शिवाय त्या प्रयोगातले स्वयंसेवक आधीपासून थोड्याफार प्रमाणात धार्मिक किंवा आध्यात्मिक उपक्रमांत भाग घेणारे होते. मॉन्ट्रियलमध्ये पुढे झालेल्या एका प्रयोगात ३३ विद्यार्थ्यांना रंगीत दिवे, संगीत आणि गाद्या असलेल्या खोलीत बसवून त्यांना सिलोसायबिनसारखे द्रव्य दिल्याचे सांगण्यात आले; प्रत्यक्षात सर्वांना निष्क्रिय गोळी दिली होती. तरी निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी काही ना काही परिणाम जाणवल्याचे सांगितले. यावरून सिलोसायबिनचा परिणाम म्हणजे केवळ कल्पना असे ठरत नाही. ३० मिलिग्रॅमचा परिणाम कल्पनेने साधणारा नव्हे. पण अनुभवातला कोणता भाग द्रव्याचा आणि कोणता खोलीचा हे वेगळे काढणे किती अवघड आहे ते त्यातून कळते.

खात्रीचा प्रश्न

पुतण्याचा शेवटचा आणि सर्वांत प्रामाणिक आधार असा होता : “काका, तुम्हाला कसं सांगू, ते स्वप्नासारखं नव्हतं. हे जग त्यापुढे स्वप्न वाटत होतं. ते खरं होतं हे मला ठाऊक आहे.” या वाक्यावर आम्ही बराच वेळ थांबलो, कारण संतवाङ्मयातही साक्षात्काराचा भार अशाच खात्रीवर दिलेला आढळतो.

अडचण अशी की ही खात्री हाही त्या प्रश्नावलीतला एक मोजलेला घटक आहे. २०११ मध्ये हॉपकिन्सच्याच गटाने १८ जणांना शून्यापासून ३० मिलिग्रॅमपर्यंत पाच वेगवेगळ्या मात्रा देऊन पाहिल्या, तेव्हा गूढानुभवाचे गुण मात्रेबरोबर वाढत गेले. ज्या जाणिवेची तीव्रता मात्रेबरोबर वाढते ती जाणीव स्वतःच्या खरेपणाची साक्ष देऊ शकत नाही, कारण साक्षीदाराचा आवाज किती मोठा हे बाहेरून ठरवता येते आहे. अर्थात तो खोटेच बोलतो असेही यावरून ठरत नाही. फक्त खात्री आणि सत्य यांचा संबंध आता वेगळ्या मार्गाने दाखवावा लागेल, तो गृहीत धरता येणार नाही. आमच्या मते या संशोधनाचा धार्मिक दाव्यांवर पडणारा सर्वांत खरा परिणाम हाच आहे.

काकांच्या बाजूची तपासणी

काकांचा युक्तिवाद जास्त शास्त्रीय वाटतो म्हणून तो कमी तपासला जावा असे होऊ नये. सिलोसायबिनचे शरीरात सिलोसिन होते आणि ते मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाच्या २ए या रिसेप्टरवर, म्हणजे ते रसायन पेशीला जिथे जोडले जाते त्या जागेवर, काम करते. झुरिचमध्ये फ्रान्झ फोलनवायडर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवले की तो रिसेप्टर आधी केटान्सेरिन या औषधाने अडवला तर सिलोसायबिनचे मानसिक परिणाम टळतात. काका यावर समाधानी होते. पण गटातल्या डॉक्टरांनी त्यांना विचारले की गच्चीतून अजिंक्यतारा दिसतो तेव्हाही दृष्टिपटलातली रसायनेच काम करतात ना, मग किल्ला नाही असे आपण म्हणतो का? अनुभवाला शारीरिक कारण असणे हे तो खोटा असण्याचे लक्षण नाही. तसे मानले तर काकांचे स्वतःचे विवेकवादी विचारही मेंदूतच घडतात. मानसशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्येच हा आक्षेप नोंदवला होता.

काकांनी माघार घेतली नाही, त्यांनी मुद्दा धारदार केला, आणि इथे ते बरोबर होते. किल्ला दिसणे रसायनावर चालत असले तरी किल्ला आहे की नाही हे पाहायला दुसरा माणूस वर चढून जाऊ शकतो. इथे मात्र चढून जायला वाट नाही, आणि किल्ला नसतानाही तेच दृश्य दाखवणारी गोळी हाती आहे. मग केवळ दृश्यावरून किल्ल्याबद्दल काहीच ठरत नाही. ही मांडणी आम्हाला मान्य करावी लागली, पण तिची मजल किती हेही पाहावे लागले : ती एका पुराव्याचे वजन काढून घेते, त्या पुराव्याने सिद्ध करायची गोष्ट खोटी ठरवत नाही.

मग पुरावा दुसरीकडे कुठे असू शकतो? फळांत, असे पुष्कळजण म्हणतात. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात काही काळ शिकवलेल्या गुरुदेव रानडे यांनीही साक्षात्काराच्या कसोट्यांत नैतिक बाजूला स्थान दिले आहे. हॉपकिन्सच्या प्रयोगात स्वभाव आणि वागणूक सुधारल्याचे स्वयंसेवकांनी आणि त्यांच्या जवळच्या माणसांनीही सांगितले. ही कसोटी अनुभव उपकारक होता का हे सांगते. जगाविषयीचा त्याचा दावा खरा का हे सांगत नाही. सांत्वन देणारा गैरसमजही माणसाला सुधारू शकतो.

दुसरी शक्यता आमच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी पुढे आणली आणि ती सगळ्यांना अनपेक्षित होती. शंकराचार्यांच्या वेदान्तात अनुभवाला स्थान आहे, पण ब्रह्माविषयीचे मूळ प्रमाण श्रुती आहे. कोणाला समाधीत काय दिसले यावर तो सिद्धान्त उभा नाही. ‘धर्म म्हणजे प्रत्यक्ष अनुभव आणि अनुभव हाच त्याचा पुरावा’ ही मांडणी विवेकानंदांसारख्या आधुनिक विचारवंतांनी, विज्ञानाच्या भाषेत धर्म समजावण्यासाठी, पुढे आणली. सिलोसायबिनवरील संशोधनाचा धक्का बसतो तो या आधुनिक मांडणीला. जो श्रुतीवर विसंबतो त्याला या गोळीने फरक पडत नाही, त्याच्यासाठी श्रुतीचे प्रामाण्य हा जुना वाद तेवढा शिल्लक राहतो. पतंजलींनाही औषधी अनोळखी नव्हती : योगसूत्रांच्या चौथ्या पादाच्या पहिल्याच सूत्रात सिद्धी जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी यांतून येतात असे म्हटले आहे. मात्र पुढे ध्यानातून घडलेले चित्तच वासनारहित असते असे ते सांगतात. म्हणजे अवस्था औषधीने येते हे मान्य करूनही ती अवस्था कशी आली याला परंपरेने किंमत दिली होती. ‘द्रव्याने येतो म्हणून खोटा’ आणि ‘द्रव्याने येतो तरी तोच’ या दोन्ही घाईच्या उत्तरांपेक्षा ही भूमिका आम्हाला अधिक विचारी वाटली.

प्रकरण कुठे थांबले

शेवटच्या बैठकीत दोघांनी आपापले विधान लिहून आणावे असे ठरले. पुतण्याने लिहिले : मला भिंतीपासून वेगळेपण न जाणवण्याचा, भीतीने आणि मग शांतीने भरलेला अनुभव आला, अद्वैत मला पटते, पण ते मला या अनुभवामुळे सिद्ध झाले असे म्हणता येणार नाही. काकांनी लिहिले : संतांचे अनुभव मेंदूत घडले याने ते खोटे ठरत नाहीत, पण केवळ त्या अनुभवांच्या बळावर देवाबद्दल कोणी दावा केला तर मी तो मान्य करणार नाही.

एका ठिकाणी मतभेद कायम आहे. पुतण्याचे म्हणणे असे की अद्वैत आधीच इतर कारणांनी संभवनीय वाटत असेल तर अशा अनुभवाने त्यात थोडी तरी भर पडावी. काकांचे म्हणणे असे की वैकुंठवादी, अद्वैती आणि निरीश्वरवादी तिघांनाही तोच अनुभव आपापल्या बाजूचा वाटणार असेल तर कोणाच्याच पारड्यात भर पडत नाही. याचे उत्तर देण्यासाठी वेगवेगळ्या परंपरांतील लोकांना, परंपरेच्या खुणा नसलेल्या खोलीत, एकत्व गृहीत न धरणाऱ्या प्रश्नावलीने तपासावे लागेल, आणि नोंदी त्याच दिवशी घ्याव्या लागतील. काकूंना या मतभेदात रस नव्हता. आपली वारी कोणाच्या अनुभवावर उभी नाही एवढे त्यांनी सांगितले, आणि त्यावर दोघांपैकी कोणीही आक्षेप घेतला नाही.